सोमवारी सकाळी 'साइट उघडत नाही': पंचायतीच्या ऑफिसातली यंत्रं, त्यांच्या खोडी आणि तात्पुरते उपाय

भाऊ, माझा इथला कार्यभार महिनाअखेर संपतो. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा मी तालुक्याला नसेन, म्हणून ही नोंद लिहून ठेवते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये सगळी यंत्रं "चालू स्थितीत" अशी लिहिली आहेत. ते खरंही आहे, फक्त प्रत्येक जण आपापल्या अटीवर चालतो. सगळ्यात जास्त वेळ खाणारं यंत्र म्हणजे खिडकीकडचं एक नंबरचं मशीन. त्यामुळे त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते, बाकीच्यांचं थोडक्यात.

एक नंबरचं मशीन: तक्रार कशी येते

सोमवारी किंवा सणाची सुट्टी संपल्यावर सकाळी शिपाईकाका हमखास सांगतील, "नेट नाही चालून राहिलं." तुम्ही बघाल तर राउटरचे दिवे हिरवे, मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप चालू, दोन नंबरच्या मशीनवर सगळं उघडतंय. फक्त एक नंबरवर ई-ग्रामस्वराज उघडत नाही, जन्म-मृत्यूची साइट उघडत नाही, बँकेची उघडत नाही. क्रोममध्ये पांढऱ्या पानावर हे दिसेल:

```
Your clock is behind
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

हे दिसलं की राउटर बंद-चालू करू नका, नेटवाल्याला फोन लावू नका, क्रोम काढून परत टाकू नका. उजव्या कोपऱ्यात खाली घड्याळ बघा. तिथे जुनी तारीख असेल. सुरक्षित साइटला एक प्रमाणपत्र असतं आणि ते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच चालतं. मशीनच्या मते आज २०१४ साल असेल, तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, मग ब्राउझर दार उघडत नाही. साइटही बरोबर आहे आणि नेटही.

घड्याळ किती चुकलंय ते आधी नीट वाचा

इथे घाई करू नका, कारण चूक कशी आहे त्यावर कारण कळतं. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात.

पहिला: १ जानेवारी २०१४ आणि वेळ रात्री बारा वाजून चार-पाच मिनिटं. म्हणजे मशीन सुरू होऊन जेवढी मिनिटं झाली तेवढीच. मदरबोर्डवरचा बटण सेल पूर्ण गेला. बायोस सगळं विसरून आपल्या मूळ तारखेवर गेलं. २०१४ हे आपल्या बोर्डाचं, दुसऱ्या मशीनवर दुसरं साल दिसेल.

दुसरा: सोमवारी सकाळी घड्याळ शनिवारची संध्याकाळ दाखवतं. सेल अजून मेला नाही पण दमलाय. लाइन बंद झाली तेव्हा घड्याळ थांबलं आणि आज लाइन आल्यावर तिथूनच पुढे चालू लागलं. ही आगाऊ सूचना समजा. अजून थोडे दिवस ढकलता येतात, पण सेल मागवून ठेवा.

तिसरा: फरक बरोबर साडेपाच तासांचा. यात सेलचा काही दोष नाही. कोणीतरी टाइम झोन बदललाय. सेटिंगमध्ये जाऊन `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` निवडा, काम झालं. सेल बदलायला कॅबिनेट उघडू नका.

पण रोज का नाही, सोमवारीच का

तारेत लाइन आहे तोवर मशीन बंद असलं तरी पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. सेलची पाळी येते ती भिंतीवरचं बटण बंद झाल्यावर. आपल्याकडे शिपाईकाका रोज जाताना मेन बोर्ड बंद करतात. त्यांना नका बोलू, ते बरोबर करतात. मृगाच्या आधी इथे विजा कशा पडतात ते तुम्हाला माहीतच आहे, आणि डीपीवरून रात्री कधी किती दाबाने लाइन येईल याचा भरवसा नाही. म्हणून रोज रात्री सेलवर भार येतो आणि रविवारी तर दिवसरात्र. अर्धमेला सेल एक रात्र निभावतो, दोन रात्री आणि एक दिवस निभावत नाही. दुपारी तासभर लाइन गेली तर घड्याळ चुकत नाही आणि सोमवारी चुकतं, याचं एवढंच गूढ आहे.

सकाळचा तात्पुरता उपाय

सेल बदलेपर्यंत रोज हे करा, आणि याच क्रमाने.

मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर `CMOS checksum error` किंवा तत्सम काही येऊन `F1` दाबायला सांगेल. लगेच दाबू नका, त्याबद्दल खाली लिहिलंय. विंडोज सुरू झालं की ब्राउझर न उघडता घड्याळावर उजवं क्लिक करून `Adjust date/time` मध्ये जा. `Set time automatically` बंद करा, `Change` दाबा, मोबाईलवर बघून तारीख-वेळ भरा. मग ते ऑटोमॅटिक परत चालू करा. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट `Run as administrator` ने उघडून:

```
net start w32time
w32tm /resync
```

पहिली ओळ "आधीच चालू आहे" असं म्हणाली तरी चालेल. दुसरीने वेळ सेकंदापर्यंत जुळते.

हाताने तारीख भरायची कटकट कशाला, सरळ दुसरी कमांड का नाही, असं वाटेल. करून बघा, बहुतेक हे येईल:

```
The computer did not resync because the required time change was too big.
```

विंडोजच्या वेळ जुळवणाऱ्या सेवेला एक मर्यादा घातलेली असते. आपल्यासारख्या सुट्या मशीनवर ती ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास आहे. त्याहून मोठा फरक दिसला तर ती सेवा हात लावत नाही. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ हा फरक १५ तासांपेक्षा कितीतरी जास्त, २०१४ चं तर विचारूच नका. म्हणूनच "विंडोज आपोआप वेळ लावतं ना?" असं जे तालुक्याहून फोनवर ऐकायला मिळतं, ते इथे लागू पडत नाही. आधी तुम्ही हाताने जवळ आणा, मग ते नेमकं जुळवतं.

शेवटी क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. आधीपासून उघडा ठेवलेला टॅब जुनाच निरोप दाखवत बसतो.

घड्याळ चुकलेलं असताना काय करायचं नाही

साइट उघडत नाही हे उलट बरं, ते दिसतं तरी. न दिसणारं नुकसान वेगळंच असतं.

घरपट्टीची साधी पावती आपण एक्सेलमधून छापतो. त्या साच्यात तारखेच्या चौकोनात `=TODAY()` आहे. घड्याळ २०१४ वर असताना एकाने पावती छापून नेली आणि दुसऱ्या दिवशी ते काका पावती घेऊन परत आले, "माझे बारा वर्साचे पैसे भरले गेले का मंग?" रक्कम खरी, सही खरी, तारीख ०१-०१-२०१४. ती रद्द करून नवी द्यावी लागली आणि प्रतीवर ग्रामपंचायत अधिकारी साहेबांचा शेरा घ्यावा लागला. शिवाय `=TODAY()` चा दुसराही त्रास आहे. जुनी फाइल पुढच्या महिन्यात उघडली की तारीख आपोआप आजची होते. म्हणून त्या चौकोनात `Ctrl` आणि `;` दाबून तारीख टाका, ती नंतर बदलत नाही. मात्र तीही मशीनच्या घड्याळावरूनच येते, तेव्हा कोपऱ्यात बघितल्याशिवाय दाबू नका.

डीएससीच्या टोकनचंही तसंच. ई-ग्रामस्वराजवरचं वित्त आयोगाचं पेमेंट सरपंचबाईंच्या आणि साहेबांच्या अशा दोन सह्यांनी जातं. चुकीच्या तारखेला टोकन लावलं तर प्रमाणपत्र वैध नाही असं सांगतं आणि लोक समजतात टोकनच खराब झालं किंवा मुदत संपली. नवीन डीएससीचा अर्ज करायच्या आधी घड्याळ बघा. घाई असेल तर टोकन दोन नंबरच्या मशीनला लावा, ड्रायव्हर तिथेही टाकून ठेवला आहे.

F1 बद्दल

सेल पूर्ण गेला की बायोसमध्ये तारखेसोबत बाकीच्या सेटिंगही मूळ पदावर जातात. आपल्या बोर्डावर त्यात हार्डडिस्कचा मोड येतो. विंडोज `AHCI` वर टाकलेलं आहे आणि मूळ सेटिंग `IDE`. थेट `F1` दाबून पुढे गेलात तर निळा पडदा येतो, त्यावर `INACCESSIBLE_BOOT_DEVICE`, आणि मशीन परत परत चालू होत राहतं.

हा निळा पडदा बघून बाजारातला कुठलाही मेकॅनिक म्हणेल, विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल. मारू देऊ नका. नमुना ८ च्या फाइली, जुन्या ग्रामसभांचे ठराव, सगळं त्याच डिस्कवर आहे आणि डिस्कला काहीही झालेलं नाही. मशीन बंद करा, चालू करताना `Delete` दाबत राहा, बायोसमध्ये `SATA Mode` शोधा, `AHCI` करा, तिथेच तारीख-वेळही भरा, नाहीतर विंडोज २०१४ वरच उघडतं, मग `F10` दाबून सेव्ह करा. विंडोज पहिल्यासारखं उघडेल. बायोसच्या प्रत्येक पानाचे फोटो छापून पंचायतीच्या कपाटात, आवक-जावक रजिस्टरच्या मागे, एका पिवळ्या फाइलमध्ये ठेवले आहेत.

तारीख बायोसमध्येच भरली तर विंडोजमध्ये वेगळी भरावी लागत नाही. म्हणून `CMOS checksum error` दिसला त्या दिवशी हाच रस्ता धरा. वरचा विंडोजवाला रस्ता फक्त घड्याळ मागे पडलेल्या दिवसांसाठी.

सेल बदलणं

सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तालुक्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळतो. तो "हाच आहे" म्हणून सीआर२०२५ देईल. रुंदी तीच, पण तो पातळ असतो, खाचेत ढिला बसतो आणि लवकर संपतो. एलआयआर२०३२ अजिबात घेऊ नका, तो चार्जिंगचा सेल आहे आणि त्याचा दाब जास्त. बंद पाकिटातला घ्या, डब्यात सुटे एकमेकांवर पडलेले घेऊ नका.

बदलताना मेन बंद करून मशीनची वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच बोर्डाजवळ जा. सेलच्या कडेला छोटी लोखंडी पट्टी आहे, ती नखाने बाहेर ढकलली की सेल उडी मारून वर येतो. स्क्रूड्रायव्हर नको, घसरला तर बोर्डावरची रेघ तुटते. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा आणि त्यावर मार्करने तारीख लिहा.

ती तारीख का, तर आपला खरा प्रश्न इथून सुरू होतो. असा सेल साधारण २२५ मिलिअँपतास साठवतो. घड्याळाला लागतात काही मायक्रोअँप. ५ धरले तरी ४५,००० तास, म्हणजे सलग पाच वर्षं. आणि आपल्याकडे सेल एका हंगामात जातो! चार महिने, रोज १६ तास मेन बंद असं धरलं तर साधारण २,००० तास होतात. २२५ ला २,००० ने भागा, ०.११ मिलिअँप, म्हणजे ११० मायक्रोअँप. हवी त्याच्या वीसपट वीज कुठेतरी झिरपतेय. सेल खराब असता तर एखादा असता, प्रत्येक नसता.

माझा संशय कूलरवर आहे. हे मशीन खिडकीजवळ आणि खिडकीत कूलर. कॅबिनेट उघडलं तेव्हा सेलच्या आसपास धुळीचा चिकट थर होता आणि त्यावर पांढरट क्षार. आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते कूलरच्या ताट्या बघून कळतं, त्या दोन महिन्यांत दगडासारख्या होतात. तेच तुषार पंख्याने आत ओढले. ओलसर धूळ आणि क्षार मिळून वीज जायला बारीक वाट तयार होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सेलची खाच आणि भोवतालचा भाग पुसला, नीट वाळू दिला आणि मशीन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. तेव्हापासून सेल आधीपेक्षा टिकतोय.

तुम्ही एवढंच करा: मेन बंद असताना सकाळी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून सेलचा दाब बघा, महिन्यातून एकदा. नवा सेल ३ च्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली आला की बदलायच्या तयारीत राहा. पुसूनही पुन्हा चार महिन्यांतच पडला, तर बोर्डावरचाच एखादा भाग गळतोय असं समजा. तो शोधायला कोणी बसणार नाही. नव्या मशीनची मागणी मासिक सभेत ठेवा आणि सोबत सेलांवरच्या तारखा जोडा, नुसतं "मशीन जुनं झालं" म्हटल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रिंटर

याचाही अर्धा आजार कूलरच. उन्हाळ्यात ट्रेमध्ये रात्रभर कागद राहिला की ओल धरतो, वाकडा होतो आणि दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. संध्याकाळी कागद काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. रोलर घासले म्हणून मेकॅनिक नवे लावायला सांगेल, आधी कोऱ्या रिमचा कागद घालून बघा.

दुसरा त्रास: लाइन जाऊन आली की `Offline` दाखवतो. राउटर त्याला दर वेळी नवा पत्ता देतो आणि मशीन जुन्या पत्त्यावर छापायला पाठवत राहतं. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करायचा राहिला आहे, त्याचा पासवर्ड नेट बसवणाऱ्याकडे आहे, तो आला की करून घ्या. तोवर यूएसबी वायर लावा, मागच्या बाजूला गुंडाळून ठेवली आहे. छपाई रांगेत अडकली आणि रद्दही होत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटरने:

```
net stop spooler
del /q %systemroot%\System32\spool\PRINTERS\*
net start spooler
```

यात रांगेतलं सगळंच पुसलं जातं, त्यामुळे दोन नंबरवरून कोणी काही पाठवलंय का ते आधी विचारा.

यूपीएस

लाइन गेली की दोन-तीन मिनिटं तग धरतो, त्यात फाइल सेव्ह करून मशीन बंद करायचं, बस. आतली १२ व्होल्टची बॅटरी आपल्या मे महिन्यात फार टिकत नाही, पंचेचाळीस डिग्रीला तिचं आयुष्य निम्म्याहून खाली येतं. यूपीएसच्या मागे लेझर प्रिंटर कधीच लावू नका. तो गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओरडून बंद पडतो आणि सोबत मशीनही. संध्याकाळी मोटरपंपांची लाइन सुरू झाली की आत टक-टक आवाज येतो, तो दाब सांभाळणाऱ्या रिलेचा आहे, बिघाड नाही.

मशीनला हात लावला तर झिणझिण

एप्रिल-मेमध्ये दोन्ही कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. पॉवर सप्लायमधला गाळणीचा कपॅसिटर थोडी वीज पत्र्यावर आणतो, ती अर्थिंगने जमिनीत जायला हवी, जात नाही. ऑफिसच्या मागे नळाजवळ तो खड्डा आहे, त्यात रोज दोन बादल्या पाणी टाकलं की कमी होतं. खड्डा नव्याने कोळसा-मीठ घालून भरून घ्यायचा आहे, वायरमनला सांगून झालंय, अजून आलेला नाही. एखाद्या दिवशी पाणी टाकूनही झिणझिण्या थांबल्या नाहीत किंवा झटका बसल्यासारखा वाटला, तर ती वेगळी गोष्ट. मेन बंद करा आणि वायरमन आल्याशिवाय चालू करू नका.

अंगठ्याचं यंत्र

यंत्र चांगलं आहे, बोटं झिजलेली असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटांना चरे पडतात आणि कातडी कोरडी होते. ओल्या फडक्याने बोट पुसायला लावा, लगेच कोरडं करा, मग ठेवायला सांगा. अंगठ्याचा हट्ट धरू नका, मधलं किंवा अनामिका बहुतेक वेळा लागते. काच फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसायची. एक नंबरच्या मशीनवर हेही घड्याळ चुकलं की सगळ्यांचंच नाकारतं, मग तो माणसाच्या बोटांचा प्रश्न नसतो.

किरकोळ

जुने ठराव उघडले की अक्षरं विचित्र दिसतात. ते कृतिदेवमध्ये टाइप केलेले आहेत, फॉन्ट निवडला की वाचता येतात. युनिकोडमध्ये आणायचं काम २०१८ पर्यंतचं झालंय. दोन नंबरच्या मॉनिटरला पिवळी झाक येते, मागची वायर घट्ट करा. त्याच मशीनच्या कीबोर्डचा स्पेस बार डाव्या टोकाला दाबूनच चालतो.

डीएससीचे पिन माझ्याकडे नव्हते आणि तुम्हीही घेऊ नका, ज्याचं टोकन त्यानेच टाकायचं. दोन नंबरचा पासवर्ड साहेबांकडे बंद पाकिटात आहे. दोन सेल आणि अल्कोहोलची बाटली कपाटाच्या खालच्या खणात, चावी शिपाईकाकांकडे.